पाय बहिरे झाले की डोळ्यांनी ऐकायचं

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात विष्णुपुरी येथे केलेले भाषण)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. समितीच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं की तुम्ही बी दोन शब्द बोला. आम्ही शेती करणारा माणूस, शाळा चौथीपर्यंत. बाकी जे काही आलं ते टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहून आलं. कीर्तनाला उभं राहिलो तर एक अभंग धरून दोन तास बोलता येतं. पण आज अभंग धरणार नाही, आज एक कागद धरणार आहोत. हा कागद दवाखान्यातला आहे. तो इंग्रजीत होता आणि तो आम्हाला मराठीत आणावा लागला. आपली दिंडी शंभर वर्षं पायांवर चालली, म्हणून आज पायांचंच बोलू.

तुम्ही सगळे आमच्या दाजींना ओळखता. आमच्या आक्काचे मालक. तीस-पस्तीस वर्षं दिंडीत चालले. त्यांना शुगर होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. गोळ्या कधी घ्यायचे, कधी राहायच्या. पायाला मुंग्या येतात म्हणायचे, रात्री तळवे जळतात म्हणायचे. मग एक वर्ष म्हणाले, "आता लई बरं हाय, मुंग्या बी बंद झाल्या अन् जळणं बी बंद झालं." आम्ही म्हणालो, माउलीची कृपा. तिथंच आम्ही सगळे फसलो. मुंग्या थांबल्या म्हणजे रोग गेला असं नव्हतं. पायाच्या शिरा पार मेल्या होत्या, आता सांगावा आणायला कुणी उरलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीच्या आषाढीची गोष्ट. वारीच्या आधी दाजींनी चपलेला नवा तळ लावून घेतला. विष्णुपुरीहून लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असं चालत गेलो. वाटेत कधीतरी त्या तळातला एक बारीक खिळा वर आला. कधी आला ते दाजींना आजही सांगता येत नाही. मुरूडच्या मुक्कामी पाय धुताना एका पोराला चपलेत रक्त दिसलं. अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याला भोक पडलं होतं. दाजी म्हणाले, "कायबी दुखंना, कशाला डॉक्टर?" आम्ही हळद भरली, फडकं बांधलं आणि पुढं चाललो. बार्शीत फडक्याला वास येत होता. कुर्डुवाडीला दाजींना हुडहुडी भरली, ताप चढला, पाय घोट्यापर्यंत सुजला. मग गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेलं. हाडापर्यंत पू गेला होता. अंगठा काढावा लागला. तीन आठवडे खाटेवर होते, आणि इकडं ऊस पाण्यावाचून वाळला.

ह्यात दोष चपलेचा नाही आणि खिळ्याचाही नाही. खिळा तुमच्या-आमच्या चपलेत वर आला असता तर दहा पावलांत आपण चप्पल काढली असती. दाजी त्याच्यावर मैलोगणती चालले, कारण पायानं हाक मारलीच नाही.

सुट्टी मिळताना दवाखान्यातून फाइल मिळाली. त्यात एक कागद इंग्रजीत होता. समजावून सांगायला वेळ कुणाला नव्हता आणि विचारायचं आम्हाला सुचलं नाही. ती फाइल पिशवीत घालून खुंटीला टांगली. पुढं थंडी पडली. एका सकाळी दाजींनी नेहमीप्रमाणं पाय घालून पाणी बघितलं, बरं वाटलं म्हणून दोन्ही पाय बादलीत सोडले. पाणी चुलीवरून नुकतंच उतरवलेलं होतं. संध्याकाळी दोन्ही पायांना टरटरून फोड आले.

त्या वेळी दाजींची नात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती सुट्टीला आली होती. तिनं पिशवीतला कागद काढला, वाचला आणि रडायला लागली. म्हणाली, "आबा, हे ह्यात लिहिलेलंच हाय. पाण्याचं तिसऱ्याच ओळीला हाय." औषध घरात होतं, माउली, आणि आम्ही ते खुंटीला टांगलं होतं.

मग आम्ही दोघं तीन संध्याकाळ बसलो. ती इंग्रजी वाचायची, पुस्तकी मराठीत सांगायची आणि आम्ही ते दाजींच्या कानाला लागेल असं करायचो. ते करताना जे कळलं तेच आज सांगतो.

पहिला शब्द तिनं वाचला, "संवेदना कमी झालेले पाय". दाजी म्हणाले, "संवेदना म्हंजे?" ती म्हणाली, बधिर. दाजी म्हणाले, "बधिर न्हाईत, चालतोय की मी." तेव्हा आम्ही म्हणालो, दाजी, पाय बहिरे झालेत. बहिरा माणूस चालतो, खातो, काम करतो, पण मागून गाडीचा भोंगा वाजला तर त्याला कळत नाही. तसा तुमचा पाय. मग बहिरा माणूस रस्त्यानं कसा चालतो? वळून बघत बघत चालतो. त्याला कानाचं काम डोळ्यांकडं द्यावं लागतं. हे दाजींना पटलं. आणि त्या कागदातलं पुढचं सगळं ह्या एका वाक्यातून निघतं.

आपला पाय बहिरा झाला का हे कसं ओळखायचं? दवाखान्यात एक नायलॉनचा जाड केसासारखा दोरा असतो. तो तळव्याला टेकवून जरा वाकवतात आणि कळतं का विचारतात. गावातल्या डॉक्टरकडं तो नसला तर घरी एक साधी पारख करता येते. माणसाला झोपवायचं आणि डोळे मिटायला लावायचे. दुसऱ्यानं आपल्या बोटाच्या टोकानं त्याच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी ह्यांच्या टोकांना हलकंच शिवायचं. एक-दोन सेकंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं होतात. कळलं की त्यानं "हां" म्हणायचं. सहातली दोन किंवा जास्त कळली नाहीत तर पाय बहिरे झाले असं समजून दवाखान्यात दाखवायचं. सगळी कळली म्हणजे आपण सुटलो असं नाही. शुगर असणाऱ्यानं वर्षातून एकदा तरी पाय तपासून घ्यायचेच. ह्या मांडवात शुगरवाले किती बसलेत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. आज घरी जाऊन हे करा.

नातीनं तिच्या कॉलेजात शिकलेली एक गोष्ट सांगितली. तमिळनाडूत वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आहे. तिथं १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड नावाचे सर्जन कामाला आले. त्यांचा जन्म आपल्याच देशात झाला होता. त्या काळी लोक समजायचे की कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून गळतात. ह्या डॉक्टरांनी रुग्णांच्या जखमा एकेक करून बघितल्या. बोटं रोगानं गळत नव्हती. ती भाजत होती, कापत होती, घासत होती, आणि दुखत नव्हतं म्हणून माणूस तशीच वापरत होता. काहींना सकाळी उठल्यावर बोटाचा तुकडा नाहीसा दिसायचा. रात्री उंदीर कुरतडून जायचे आणि झोपलेल्याला पत्ता नसायचा. पुढं १९६६ साली ते अमेरिकेत गेले आणि हेच ज्ञान शुगरच्या पायांना लागू केलं. रोग वेगळा, पण बहिरा पाय एकच. कुष्ठरोग्यांना दवाखान्यातून मऊ तळाची चप्पल देतात ना, एमसीआर म्हणतात तिला, तीच शुगरवाल्यालाही चालते. ती घालायची लाज धरू नका.

उंदराची गोष्ट सांगायचं कारण, आपण मुक्कामाला शाळेत, देवळात, मांडवात जमिनीवर झोपतो. बहिऱ्या पायाच्या माणसानं खाटेवर, नाहीतर मच्छरदाणीत झोपावं. पायाला खरकट्याचा, तेलाचा वास ठेवू नये आणि उठल्या उठल्या पाय बघावेत.

आता कागदातली दुसरी ओळ. नातीनं वाचलं, "पायांचे दैनंदिन निरीक्षण करावे." दाजी म्हणाले, बघतोच की रोज. पण बघायचं म्हणजे वरून नजर टाकायची नाही. कधी बघायचं, कुठं बघायचं आणि कुणी बघायचं, ह्या तिन्ही गोष्टी ठरवाव्या लागतात.

कधी, तर संध्याकाळी हरिपाठाच्या आधी. त्या वेळेला आपण पाय धुतोच. शिवाय दिवसभरात जे लागायचं ते लागून गेलेलं असतं. वारीत चालताना दुपारच्या विसाव्यालाही एकदा बघायचं.

कुठं, तर टाचेपासून सुरुवात करायची. टाचेला भेग पडली का? भेग कोरडी आहे का ओली? मग तळवा आणि चवडा. तिथं घट्टा असेल तर त्याचा रंग बघायचा. घट्ट्याच्या आत काळसर, लालसर डाग दिसला तर खाली रक्त साकळलंय, म्हणजे वर झाकण आहे आणि खाली जखम होत आहे. मग प्रत्येक बोट बाजूला करून बेचकी बघायची. चिखल्या झाल्यात का, कातडं पांढरं होऊन सोललंय का? मग बोटांची टोकं, नखांच्या कडा, आणि शेवटी पायाच्या दोन्ही बाजू जिथं चप्पल घासते तिथं. सगळं बघून झालं की हाताची मागची बाजू दोन्ही पायांवरून फिरवायची. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का? ताप बघायला आई पोराच्या कपाळाला जसा हात लावते, तसा.

हा घट्टा का होतो तेही कळून घ्या. शिरा मेल्या की पायातले बारीक स्नायूही वाळतात, बोटं आकडल्यासारखी होतात आणि सगळा भार चवड्याच्या एक-दोन ठिकाणी येतो. आपलं एका जागी दुखलं की आपण नकळत पाऊल बदलतो. बहिरा पाय बदलत नाही, तिथंच आपटत राहतो. कातडं जाड होतं. ते जाड कातडं मग चपलेत खडा असावा तसं आतल्या मांसाला चेपतं. शिवाय पायाला घाम आणणाऱ्या शिराही गेलेल्या असतात, म्हणून पाय कोरडा पडतो आणि फाटतो. ब्लेडनं घट्टा कापायचा नाही, बाजारातली कुरूप जाळायची पट्टी वा औषध लावायचं नाही. ते औषध कुरूप आणि चांगलं कातडं ह्यात फरक करत नाही आणि पाय तर ओरडत नाही. घट्टा दवाखान्यातच काढून घ्यायचा.

कुणी बघायचं हा प्रश्न दाजींकडं अडला. त्यांना वाकता येत नाही आणि डोळ्यांत मोतीबिंदू. कागदात लिहिलं होतं, आरसा वापरा. आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरता येतो, पण दिसणाऱ्यालाच त्याचा उपयोग. सुनेनं बघावं तर दाजींना संकोच. तेव्हा आक्का म्हणाली, "वारीत तुम्ही सगळ्याच्या पाया पडता, सगळे तुमच्या पडतात. मग घरात पाय दाखवायला कसली लाज?" माउली, आपल्या संप्रदायात लहान-थोर एकमेकांच्या पायावर डोकं ठेवतात. डोकं ठेवायला वाकलाच आहात, तर तळवा उलटा करून बघा. दाजींचे पाय आता धाकटी सून रोज बघते.

तिसरी ओळ पाण्याची. "कोमट पाण्याने पाय धुवावेत." कोमट किती ते पायाला विचारायचं नाही. बहिऱ्याला विचारून काय उपयोग? कोपर बुडवून बघायचं, नाहीतर घरातल्या दुसऱ्या माणसाचा हात. शुगर बरीच वर्षं असली तर आपल्या हाताची बोटंही कमी सांगतात, म्हणून कोपर. शंका असली तर गारच पाणी घ्यायचं. पाय भिजत ठेवायचे नाहीत, धुवायचे आणि काढायचे. मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं टिपायचे, आणि बेचक्या एकेक करून कोरड्या करायच्या. टाचेला, तळव्याला खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलीन लावायचं. बेचक्यांत लावायचं नाही, तिथं ओल राहिली की चिखल्या होतात आणि चिखलीतून पू आत शिरतो. पाण्याची जी गोष्ट तीच शेकोटीची, गरम पाण्याच्या पिशवीची आणि गरम विटेच्या शेकाची. बहिऱ्या पायाला शेक नाही. नखं अंगठीसारखी गोल कापायची नाहीत, सरळ कापायची आणि कोपरे कानशीनं घासायचे. दिसत नसेल तर दुसऱ्याकडून कापून घ्यायची.

चौथी ओळ सगळ्यात अवघड होती. "कधीही अनवाणी चालू नये." दाजी म्हणाले, "हे आपल्याच्यानं होणार न्हाई." त्यांच्या वडिलांपासून वारी अनवाणी. खिळ्याच्या वर्षी फक्त टाच फाटली म्हणून चप्पल घातली होती आणि त्यातच हे झालं, म्हणून चपलेवर राग. आम्ही कीर्तनकार, आम्हाला विचारलं की ह्यात पाप आहे का. आम्ही सांगितलं, दाजी, नवस पायानं केला होता, पण तो पाय आता राहिला नाही. आता अनवाणी चालणं तुम्हाला कष्टच देत नाही, कारण कळतच नाही. ज्याचं दुखत नाही तो सोसतो काय? त्यात तप कसलं? पायात वाहाण घालून उरलेली नऊ बोटं पंढरीला नेणं हे आता तुमचं व्रत. हे आमचं मत आहे. कुणाला दुसरं वाटलं तर त्यांनी आपल्या महाराजांना विचारावं, पण विचारताना पाय दाखवून विचारावं.

कधीही म्हणजे खरंच कधीही. घरात, अंगणात, रात्री लघवीला उठलं तरी. शेतात तर ज्वारीचं धसकट, पऱ्हाटीचे खुंट, सराटे, बाभळीचा काटा, हे सगळं बहिऱ्या पायाची वाटच बघत असतं. देवळात चप्पल चालत नाही, हे खरं. मग भर दुपारी तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालायची नाही, पहाटे घालायची. देवळापुरते वेगळे, धुतलेले, जाड मोजे ठेवायचे आणि बाहेर आल्यावर पाय बघायचे. पंढरपूरला पदस्पर्शाच्या बारीत तासन् तास अनवाणी उभं राहावं लागतं. ज्याला ते झेपणार नाही त्यानं मुखदर्शन घ्यावं, नाहीतर नामदेव पायरीशी डोकं ठेवून कळसाकडं बघावं. कळसाचं दर्शन घेऊन माघारी फिरणारे वारकरी आपल्यात पूर्वीपासून आहेत. त्यांची वारी पोहोचलीच.

चप्पल कसली? अंगठ्यात अडकवायची स्लीपर नको. पाय बहिरा असला की ती कधी सुटली तेही कळत नाही आणि अंगठ्याच्या बेचकीत घासते. मागं पट्टा असलेली सँडल हवी. आतला तळ मऊ, बाहेरचा तळ काटा न शिरणारा, आणि खिळे न मारलेला, चिकटवलेला नाहीतर शिवलेला. संध्याकाळी घ्यायची, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. माप घ्यायची एक युक्ती आहे. कागदावर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद कापून न्यायचा. तो बुटात घातला आणि कडा दुमडल्या तर जोडा लहान आहे, पायाला सैल लागला काय आणि घट्ट लागला काय, पायाच्या सांगण्यावर जायचं नाही. सगळ्यात लांब बोटाच्या पुढं एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी. नवा जोडा पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायचा, काढून पाय बघायचे आणि मग रोज थोडं वाढवायचं. वारीच्या दिवशी नवा जोडा काढायचा नाही. रोज घालण्याआधी जोडा उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा. दाजींचा खिळा हातानं एका क्षणात सापडला असता. मोजे पांढरे घालायचे. पांढऱ्यावर रक्त आणि पू लगेच दिसतो, काळ्यावर दिसत नाही.

शेवटची ओळ. "वेदना किंवा त्रास झाल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा." इथं आम्ही नातीला थांबवलं. आम्ही म्हणालो, पोरी, ही ओळ अशी लिहिली तर तुझे दादा कधीच जाणार नाहीत, कारण त्यांना त्रास होतच नाही. खिळ्याच्या वेळी बी ते हेच म्हणाले होते. तिनं विचार केला, तिच्या मॅडमना फोन लावून विचारलं आणि आम्ही ती ओळ बदलून लिहिली: "दुखलं नाही तरी, पुढचं काही दिसलं तर त्याच दिवशी जायचं."

काय दिसलं तर? कातडं कुठंही फुटलं, फोड आला, जखम झाली, कितीही बारीक असो. पाय लाल, निळा किंवा काळपट झाला. एक पाय सुजला. पू आला किंवा वास आला. आणि जखम कुठंच नाही, पण एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेला आहे. हे शेवटचं फार फसवं. त्यात आतली हाडं ठिसूळ होऊन मोडत असतात, माणूस मुरगळला म्हणून सोडून देतो आणि चालत राहतो, आणि पाऊल कायमचं वाकडं होतं. असं दिसलं की त्या पायावर उभंही राहायचं नाही, बसूनच दवाखान्यात जायचं.

काही खुणा दिसल्या तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. जखम आहे आणि थंडी वाजून ताप आला. जखमेपासून लालसरपणा वर चढायला लागला. बोट काळं पडलं. पाय एकदम गार आणि पांढराफटक पडला. जखम आहे आणि शुगर अचानक वाढून गरगरायला लागलं. आपल्या गावाचं नशीब असं की डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीतच आहे. ज्यांना ते लांब पडतं त्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात जावं, पण जावं.

जाईपर्यंत काय करायचं? स्वच्छ पाण्यानं धुवायचं, कोरडा स्वच्छ गॉज ठेवून सैल बांधायचं आणि त्या पायावर भार टाकायचा नाही. हळद, चुना, तंबाखू, राख, रॉकेल, बॅटरीचा मसाला, काहीही भरायचं नाही. आम्ही हळद भरली ती चांगल्या मनानंच भरली. पण वरचं तोंड बंद झालं आणि आत पू हाडाकडं गेला. आणि भार टाकायचा नाही हे अर्धं औषध आहे. बहिऱ्या पायाची जखम गोळ्या खाऊनही भरत नाही, त्याचं एक मोठं कारण माणूस तिच्यावर चालतच राहतो. साधा माणूस लंगडतो, म्हणून त्याची जखम भरते. बहिऱ्या पायाचा माणूस लंगडत नाही.

आता दाजींचं पुढं काय झालं ते सांगतो. गेल्या आषाढीला ते दिंडीत आले, पण डॉक्टरांना विचारून आणि रोज थोडंच चालायचं ठरवून. बाकीची वाट सामानाच्या ट्रकमध्ये. अहमदपूरच्या पुढच्या मुक्कामाला संध्याकाळी सुनेनं पाय बघितले. उजव्या करंगळीच्या बाहेरच्या बाजूला चण्याएवढा फोड, न फुटलेला. दाजी म्हणाले, "ह्याला काय होतंय, फोड तर हाय." पण कागद खिशात होता. सुनेनं काढून पुढं धरला. त्याच रात्री दाखवलं. फोड आम्ही फोडला नाही, डॉक्टरांनी जे करायचं ते केलं आणि पट्टी बांधली. सँडलचा तो पट्टा घासत होता, तो बदलला. दाजी तिथून पंढरपूरपर्यंत ट्रकमध्ये बसून आले, एक पाऊल चालले नाहीत. वाटेत चारदा रडले. दोन आठवड्यांत फोड वाळला. खिळ्याचं भोक आणि हा फोड, पाय तोच, माणूस तोच, फरक फक्त कधी बघितलं ह्याचा.

पण आता सुटलो असं समजायचं नाही. एकदा जखम होऊन भरलेल्यांपैकी दहातल्या चौघांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. मेलेल्या शिरा परत येत नाहीत. शुगर आटोक्यात ठेवली तर उरलेल्या टिकतात, तंबाखू-बिडी सोडली तर पायापर्यंत रक्त पोहोचतं. बाकी जन्मभर बघणंच आहे.

म्हणून समितीकडं आमची एक मागणी आहे. पुढच्या वारीला दिंडी निघताना विणेकऱ्यांच्या पिशवीत हा मराठी कागद, एक हातआरसा, पांढरे मोजे आणि गॉजचं पाकीट असावं. शुगरवाल्यांची नावं चोपदाराकडं असावीत. दुपारच्या विसाव्याला टाळ खाली ठेवले की दोघा-दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचे पाय बघावेत. उघडी जखम असेल त्याला ट्रकमध्ये बसवावं आणि त्याला कुणी वारी मोडली असं म्हणू नये.

तो कागद आम्ही मोठ्या अक्षरात लिहून दाजींच्या घरी देवघराशेजारी लावला आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी येऊन उतरवून न्यावा. वाचता येत नसेल तर आम्ही वाचून दाखवू.

रामकृष्ण हरी.